चीत न होता गेलेली कुस्ती

पहिल्या लढतीत त्याचे दोन्ही खांदे गादीला एकदम कधी टेकलेच नाहीत. तरीही एक मिनिट बावीस सेकंदांनी पंचांनी शिट्टी मारली, समोरच्याचा हात वर केला आणि फलकावर १०-० हा आकडा तसाच राहिला. पोरगा उठला आणि पुन्हा खडाखडीला हात पुढे करून उभा राहिला. कुस्ती संपली, आता हात मिळव आणि बाहेर ये, हे त्याला कडेला उभ्या असलेल्या दादानं दोनदा ओरडून सांगावं लागलं.

हा पोरगा गोष्टीपुरता रचलेला आहे. सांगली जिल्ह्यातलं कृष्णाकाठचं एक गाव, वय सोळा, वजन बावन्न किलोच्या आगेमागे, डावा कान नुकता चिमलायला लागलेला. त्याच्यावर पुण्यात जे गुदरलं ते मात्र रचलेलं नाही. गावच्या तालमीतून पहिल्यांदा शहरातल्या गादीवर उतरणाऱ्या पोरांवर ते हंगामोहंगाम गुदरतं, आणि त्यामागचे नियम छापील आहेत.

गावात त्याची ओळख वेगळी होती. पहाटे साडेचारला तालमीचं दार उघडायचं, खोऱ्यानं आखाडा उकरायचा, मग वस्ताद येईपर्यंत जोर आणि बैठका. तांबडी माती चाळून घेतलेली, तिच्यात हळद, ताक, तेल, लिंबाचा रस आणि कापूर मुरवलेला. अशा मातीत अनवाणी पाय घोट्यापर्यंत रुततात, अंगठा मातीत रोवून उभं राहिलं की समोरच्यानं कितीही रेटलं तरी पैलवान हलत नाही. अंगावरच्या घामावर मूठभर माती चोळली की पकड बसते. खाली गेलं तरी फार बिघडत नाही. हनुवटी छातीला लावायची, कोपरं आत ओढायची, दोन्ही पाय जवळ घेऊन अंगाचं गाठोडं करायचं आणि वरच्याला दमू द्यायचं.

वस्तादांची सगळी शिकवण या दमू देण्यावर उभी होती. ‘घाई करू नगंस,’ ते म्हणायचे, ‘त्यो चुकंपतुर थांब.’ जत्रेच्या फडात हे बरोबर लागू पडतं. तिथे वजनकाटा नसतो. मैदान भरवणारे दोन पोरांना शेजारी उभं करतात, दंडाला हात लावून बघतात आणि नजरेनं जोड लावतात. हलगी वाजते, शड्डू ठोकले जातात, सलामी होते. त्यानंतर निकाल एकच, चितपट. नाही झाली तर पंच कुस्ती बरोबरीत सोडवतात आणि इनाम दोघांत वाटलं जातं. अलीकडे मोठ्या मैदानांत ठरलेली वेळ उलटली की गुणांवर निकाल लावायची पद्धत आली आहे, पण ती वरच्या कुस्त्यांना. पोरासोरांच्या कुस्त्यांत अजून खांदेच बघतात. पाच मिनिटं कब्जा दुसऱ्याकडे होता याची नोंद कुठेच होत नाही, आणि सहाव्या मिनिटाला खालच्यानं वरच्याला उलटवून चीत केलं की इनाम खालच्याचं. आपल्या पोरानं गेल्या हंगामात अशाच तीन कुस्त्या मारल्या होत्या. थांबणं हा त्याचा सर्वांत मोठा डाव होता.

मग हा पोरगा पुण्याला कशाला आला? जत्रेतल्या इनामात खुराकाचा खर्च कसाबसा निघतो, पण त्या इनामाचा कागद मिळत नाही. राज्यात सरकारी नोकऱ्यांमध्ये खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे आणि त्याला मान्यताप्राप्त स्पर्धेतल्या प्राविण्याचं प्रमाणपत्र लागतं. घरातल्या कुणालाही ही एक गोष्ट नीट पाठ असते. जिल्ह्याच्या निवड चाचणीत त्याच्या वजनात मोजकीच पोरं होती, एकाला त्यानं ढाकेवर घेऊन अर्ध्या मिनिटात चीत केलं आणि नाव पुढे गेलं. चीत केल्यामुळे गुणांचा प्रश्नच आला नाही. ती कुस्ती गादीवर झाली होती एवढंच, बाकी ती जत्रेचीच होती.

मातीतला चांगला मल्ल गादीवर चाचपडतो ही आजची गोष्ट नाही. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ साली लंडन ऑलिंपिकला गेले तेव्हा फ्लायवेट गटात सहावे आले. त्याआधी ते गादीवर खेळलेच नव्हते आणि आंतरराष्ट्रीय नियमही त्यांना नवे होते. चार वर्षांनी हेलसिंकीत, ५७ किलोच्या बँटमवेट गटात, त्यांनीच कांस्यपदक आणलं. स्वतंत्र भारताला वैयक्तिक खेळात मिळालेलं ते पहिलं ऑलिंपिक पदक. त्या पदकाच्या गोष्टी महाराष्ट्रात घराघरांत सांगितल्या जातात. लंडनमधलं सहावं स्थान मात्र कुणी फारसं सांगत नाही, आणि पैलवानाला शिकण्यासारखं त्यातच जास्त आहे.

तर पुणे. स्पर्धेच्या सकाळी पहिला सामना काट्याशी. सतरा वर्षांखालच्या मुलांच्या फ्रीस्टाइल गटात ४८ किलोनंतर ५१ आणि मग एकदम ५५. बावन्न किलोच्या पोराला दोनच वाटा, एक किलो उतरवायचा नाहीतर तीन किलो जड पोरांशी भिडायचं. सगळे उतरवतात. त्यानंही आदल्या दुपारपासून पाणी तोडलं, रात्री दोन स्वेटर घालून मैदानाला फेऱ्या मारल्या आणि सकाळी काट्यावर ५०.९ भरला. वजनाआधी डॉक्टर अंग तपासतात. नखं वाढलेली नाहीत ना, आणि विशेष म्हणजे कातडीवर नायटा, गजकर्ण नाही ना. कुस्तीत कातडी कातडीला घासते, एकाचा नायटा संध्याकाळपर्यंत दहा जणांना होतो, म्हणून संसर्ग दिसला की पोराला तिथूनच परत पाठवतात. रांगेत त्याच्या पुढचा एक पोरगा मानेवरच्या चट्ट्यापायी परत गेला. दोन महिने तयारी करून आलेला होता.

बूट दादाचे होते. दादा म्हणजे त्याच्याच गावचा, पुण्यातल्या एका तालमीत राहणारा थोरला पैलवान. बूट एक नंबर मोठे, म्हणून आत दोन मोजे. नाड्यांची टोकं सुटू नयेत म्हणून वरून चिकटपट्टी गुंडाळावी लागते, ती नसेल तर पंच बाहेर काढतात. पोरगा सवयीनं खांद्याला तेल लावायला निघाला होता, दादानं हातातून बाटली काढून घेतली. लढतीआधी पंच अंगावर हात फिरवून बघतात, अंग तेलकट किंवा घामानं निसरडं असेल तर पुसून यायला लावतात. लंगोटावर लाल रंगाचा अंगसट पोशाख चढला. त्या पोशाखाला हात घालायचा नाही. मातीत घिश्श्यासारख्या डावात समोरच्याच्या लांगेचा आधार घेता येतो, गादीवर कपडा धरला की पंच हात सोडवतात. म्हणजे रोज पहाटे घोटलेल्या डावांपैकी काही दाराबाहेरच राहिले.

गादीवर नऊ मीटर व्यासाचं वर्तुळ असतं आणि त्याच्या कडेला आतून एक मीटरचा रंगीत पट्टा. पट्ट्यावर पाय आला म्हणजे कड जवळ आली. उभ्या झटापटीत पाऊल वर्तुळाबाहेर पडलं की समोरच्याला १ गुण. समोरच्याला खाली घालून मागून ताबा घेतला की २. खाली असलेल्याची पाठ गादीकडे वळवली, म्हणजे पाठ आणि गादी यांच्यातला कोन काटकोनाहून कमी झाला, की आणखी २. उभ्यावरून फेकून थेट पाठीकडे नेलं तर ४, आणि उंचावरून मोठ्या कमानीत फेकलं तर ५. दोन्ही खांदे टेकवून धरले तर कुस्ती तिथेच संपते, ते मातीसारखंच. पण फ्रीस्टाइलमध्ये १० गुणांची आघाडी झाली तरीही कुस्ती तिथेच संपते. पोराच्या वयाच्या गटात दोन मिनिटांचे दोन डाव, मध्ये तीस सेकंद विश्रांती. एवढ्यात सगळं.

कागदावर हे सोपं दिसतं. प्रत्यक्षात पाठ किती वळली, हे ठरवताना मुरलेल्या माणसांचंही एकमत होत नाही. जानेवारी २०२३ मध्ये पुण्यात महाराष्ट्र केसरीच्या माती विभागात महेंद्र गायकवाडनं सिकंदर शेखला बाहेरची टांग लावली आणि पंचांनी ४ गुण दिले. सिकंदर ती लढत हरला आणि पुढे कितीतरी दिवस पारापासून समाजमाध्यमांपर्यंत एकच वाद चालला, पाठ धोक्यात गेली होती की तो कुशीवर पडला होता? गेली असेल तर ४, नसेल तर २. त्या वादात बोलणाऱ्या निम्म्याअधिक लोकांना हा कोनाचा नियम त्या आठवड्यातच कळला असावा. माती विभागाची कुस्तीसुद्धा आता गुणांवर लढली जाते, हेही अनेकांना तेव्हाच उमगलं.

आपल्या पोराची पहिली लढत अशी झाली. समोरचा पुण्याच्याच एका केंद्रातला, लहानपणापासून गादीवर वाढलेला. शिट्टी झाली. पोरानं खडाखडीला सुरुवात केली, मनगट धर, मान दाब, अंदाज घे. वस्तादांच्या हिशेबानं पहिली दोन मिनिटं यातच जायची. समोरच्यानं मिनिटभर ते होऊ दिलं, एकदा मान सोडवली आणि कमरेत वाकून एकेरी पट काढला. पोराचा पाय हवेत. मातीत असता तर उरलेला पाय रोवून त्यानं हिसका दिला असता. इथे बुटाचा तळवा गादीला चिकटला, गुडघा वळला आणि तो पोटावर आला. २-० झालं.

इथपर्यंत काही हरवलं नव्हतं. हरवलं ते पुढच्या क्षणी, आणि ते त्यानं स्वतःच्या हातानं दिलं. पोटावर येताच त्यानं शिकलेलं गाठोडं केलं. कोपरं आत, हनुवटी खाली, दोन्ही पाय जवळ. समोरच्याला हेच हवं होतं. त्यानं दोन्ही घोटे एकमेकांवर चढवून काखेत आवळले, स्वतः कुशीवर वळला आणि पोराला पायांपासून पिळत गादीवरून लोळवला. याला पैलवान फितले म्हणतात. घोटे अडकले की कंबर घोट्यांमागे जाते, खांदे कंबरेमागे. दर फेऱ्याला पाठ क्षणभर गादीकडे वळते आणि दर फेऱ्याचे २ गुण. पोरगा एका कोपरावरून दुसऱ्या कोपरावर उलटत राहिला, दोन्ही खांदे एकदम टेकू दिले नाहीत, आणि मनात म्हणत राहिला की आपण वाचतोय. पहिला फेरा ४-०, दुसरा ६-०, तिसरा ८-०, चौथा १०-०. पट काढल्यापासून मोजली तर बारा-पंधरा सेकंदांची गोष्ट.

फितले बसायच्या आधी ओळखता येतं. वरचा गडी छातीवरून सरकत कमरेकडे आणि कमरेवरून पायांकडे जायला लागला की समजायचं. त्या क्षणी पाय फाकवायचे, एक गुडघा पोटाखाली ओढायचा, कंबर गादीला दाबायची आणि कडेकडे सरपटायचं. एकदा घोटे आवळले गेले की ताकदीचा उपयोग जवळजवळ संपतो. मोठ्या मल्लांनाही हे चुकत नाही. टोकियो ऑलिंपिकच्या उपांत्य लढतीत रवी दहिया कझाकस्तानच्या नूरइस्लाम सनायेवकडून असाच लोळवला गेला आणि २-९ असा मागे पडला. आणखी एक फेरा बसला असता तर लढत तिथेच बुडाली नसती, पण काठावर आली असती. रवीनं शेवटच्या मिनिटात सनायेवला चीत करून ती लढत जिंकली. मागे पडलेल्याला चितपटीचं दार शेवटच्या सेकंदापर्यंत उघडं असतं, पण त्या दारापर्यंत पोचायला कुस्ती चालू राहावी लागते. आपल्या पोराची ८२ सेकंदांत बंद झाली होती.

‘तरी मी चीत झालो न्हाई,’ तो दादाला म्हणाला.

‘न्हाईस झाला,’ दादा म्हणाला. ‘पण हितं ते कोण इचारत न्हाई. पाय जवळ का घेतलेस?’

याला पोराकडे उत्तर नव्हतं, कारण पाय जवळ घ्यायला कुणी मुद्दाम शिकवलंच नव्हतं. शेकडो पहाटे ते आपोआप अंगात बसलं होतं.

दुपारी त्यानं मिसळ खाल्ली, तिच्यावर पाव, मग ऊसाचा रस आणि पोटभर पाणी. चोवीस तास कोरडं राहिलेलं अंग पाणी ओढूनच घेतं. त्याच्या हिशेबानं स्पर्धा संपली होती, जत्रेत हरलेला पैलवान कपडे करून फडाबाहेर बसतो. इथे त्याला बाद पद्धतीतली एक गंमत ठाऊक नव्हती. तुम्हाला हरवणारा गडी पुढे जिंकत जिंकत अंतिम लढतीत पोचला, तर त्यानं वाटेत हरवलेल्या सगळ्यांना पुन्हा बोलावतात आणि कांस्यपदकासाठी लढायची संधी देतात. याला रेपेचाज म्हणतात. कारण रास्त आहे, पहिल्याच फेरीत सर्वांत तगडा गडी वाट्याला आला हा पोराचा दोष नव्हे. त्यामुळे अशा स्पर्धांत संध्याकाळी एक चमत्कारिक दृश्य दिसतं. सकाळी ज्यानं लोळवलं, त्याच्याच नावानं हरलेली पोरं घसा फोडून ओरडत असतात.

आपला पोरगाही दादानं समजावल्यावर ओरडला. समोरचा उपांत्य लढत ६-४ नं जिंकला. म्हणजे उद्या सकाळी पोराला पुन्हा गादीवर जायचं होतं.

आणि पुन्हा काट्यावर. दोन दिवस चालणाऱ्या गटात दुसऱ्या दिवशी जे खेळणार, मग ते अंतिम लढतीला असोत की रेपेचाजला, त्यांचं वजन दुसऱ्या सकाळी पुन्हा होतं. हा नियम सगळ्या देशाला ऑगस्ट २०२४ मध्ये कळला. पॅरिसला पहिल्या दिवशी तीन लढती जिंकून अंतिम फेरीत गेलेली विनेश फोगाट दुसऱ्या सकाळी ५० किलोच्या काट्यावर १०० ग्रॅम जास्त भरली आणि पदकाविना बाहेर पडली. त्याच स्पर्धेत अमन सेहरावतनं उपांत्य लढत हरल्यावर रात्रीतून साडेचार किलोंहून अधिक वजन उतरवलं, ५७ किलोत बसला आणि कांस्यपदक घेतलं. दोघांच्या भोवती डॉक्टर होते, मालिशवाले होते, आहारतज्ज्ञ होते. पोराच्या भोवती दादा होता आणि वसतिगृहाच्या कोपऱ्यातला एक काटा. त्यावर आकडा आला ५२.३.

एक किलो तीनशे ग्रॅम, हातात एक रात्र. यातला काही भाग झोपेतच जातो, श्वासातून आणि घामातून रात्रभर पाणी उतरत असतं. उरलेल्यासाठी पहाटे चारला उठून दोरीवरच्या उड्या, अंगात स्वेटर, वर दादाचं जॅकेट. दादानं एक नियम कडक पाळला. दर पंधरा मिनिटांनी थांबवायचं, हात धरून बोलायला लावायचं, घाम यायचा बंद झाला किंवा बोलणं अडखळलं तर काटा गेला उडत. हे भय उगीच नव्हे. १९९७ च्या अखेरीस अमेरिकेत काही आठवड्यांच्या आत महाविद्यालयांतले तीन कुस्तीपटू वजन उतरवताना मेले, आणि तिथले नियम त्यानंतर बदलावे लागले. सोळा वर्षांच्या वाढत्या पोराला किलो-दीड किलोच्या पलीकडे कुणी ओढू नये, आणि आपल्याकडे ते सर्रास ओढलं जातं, हेही इथे सांगून टाकलेलं बरं.

सात वाजता काट्यावर ५१.० भरले. पंचांनी आकडा दोनदा वाचला.

दुसऱ्या लढतीचा गडी मराठवाड्याकडचा, आपल्या पोरासारखाच मातीतून आलेला, पण दोन वर्षं गादीवर काढलेला. पहिल्या डावात त्यानं दुहेरी पट काढला आणि २-० झालं. पोरगा पुन्हा पोटावर. यावेळी त्याचे पाय एकत्र यायला निघाले आणि मध्येच थांबले. दादाचा आवाज कानात होता, ‘फाक! फाक!’ त्यानं गुडघे फाकवले, कंबर दाबली. वरच्यानं घोट्यांसाठी दोनदा हात घातला, घोटे एकमेकांपासून लांब. मग त्यानं कमरेला मिठी मारून भारंदाज लावायचा प्रयत्न केला, पण मिठी नीट बसली नाही. काहीच घडत नाही असं बघून पंचांनी दोघांना उभं केलं. मातीत वरच्यानं दहा मिनिटं तसाच कब्जा ठेवला असता. गादीवर खालच्याला एवढी एक मेहेरबानी आहे, वरच्यानं काही केलं नाही तर पंच लवकरच उठवतात.

दुसऱ्या डावात पंचाहत्तर सेकंद उरलेले असताना समोरच्यानं मानेत हात घालून अंग टेकवलं. पोराला एवढंच हवं होतं. हात मानेभोवती, पाय आडवा, कंबर खाली घालून ढाक. समोरचा त्याच्या कमरेवरून वळून थेट पाठीवर गेला आणि पुलावर निसटला. पंचांनी चार बोटं दाखवली, न्यायपंचांनी लाल पाटी वर केली. ४-२. गुणांनी आघाडीवर असण्याचा पोराच्या आयुष्यातला हा पहिला प्रसंग, आणि आघाडी राखायची कशी हे त्याला कुणीच शिकवलेलं नव्हतं. जत्रेत राखायला काही नसतंच.

तो मागे सरकू लागला. समोरच्यानं छातीनं रेटलं, पोराची टाच पट्ट्यावर आली आणि पट्ट्यापलीकडे पडली. ४-३. दादा ओरडत होता, ‘मधी! मधी सरक!’ पोरगा मध्ये आला, हात धरून बसला, पुन्हा रेटला गेला. घड्याळात चार सेकंद राहिले असताना दुसरं पाऊल बाहेर पडलं. ४-४. शिट्टी झाली तेव्हा समोरच्यानं दोन्ही हात वर केले, कारण शेवटचा गुण त्याचा होता. त्याच्याबरोबर आलेली पोरं नाचायला लागली. आपल्या पोरानं मान खाली घातली.

पंच मध्यभागी आले, दोघांची मनगटं धरली आणि पोराचा हात वर केला.

बरोबरी झाली की आधी बघतात कुणाचा डाव मोठा. पोराच्या खात्यात एकच डाव, पण ४ गुणांचा. समोरच्याचे २, १ आणि १. डाव सारखे निघाले असते तर सावधानतेच्या ताकिदा मोजल्या असत्या, त्याही सारख्या असत्या तरच शेवटच्या गुणाची पाळी आली असती. समोरच्याच्या प्रशिक्षकांना हे ठाऊक होतं, म्हणून ते खुर्चीवरून उठलेही नव्हते. पोरांना ठाऊक नव्हतं. लढत संपल्यावर दादानं पोराला आधी शिव्या घातल्या. ढाक त्याच्या नशिबानं बसली असेल, पण मध्ये राहायला नशीब लागत नाही, आणि तिसरं पाऊल बाहेर पडलं असतं तर ४-५ नं घरी गेला असतास, असा त्या शिव्यांचा मथळा.

कांस्यपदकाची लढत त्यानंतर अर्ध्या-पाऊण तासानं झाली. पोरगा ती २-८ नं हरला. त्यात फितले नव्हतं, दोनदा पट आणि दोनदा भारंदाज. पूर्ण चार मिनिटं लढला.

दुपारी त्यानं गावाकडे फोन लावला. वस्तादांनी तिन्ही कुस्त्या क्रमानं विचारल्या.

‘दुसरी किती सुटली म्हणतोस?’

‘चार-चार, वस्ताद.’

‘म्हंजी बरोबरीत सोडवली.’

‘न्हाई. मी मारली ती.’

‘चीत केलास?’

‘न्हाई. ढाक लावली, तिचं चार मिळालं. त्याचं बी चार झालं, पण त्याचं सुटं सुटं.’

वस्ताद थोडा वेळ गप्प राहिले. मग त्यांनी विचारलं की ढाकेला पाय कुठला घातलास, उजवा का डावा, आणि गडी पुलावर गेला तेव्हा तू मान सोडलीस का. पोरानं सोडली होती. ‘तितंच चुकलास,’ वस्ताद म्हणाले. ‘मान धरून राहिला असतास तर ह्यो चार-चारचा घोळच झाला नसता. सोमवारी ये आखाड्यात, बघू. आणि ते पायाला गुंडाळत्यात म्हणतोस, ते बी दाव मला.’